रक्तगणना अहवालाच्या छायाचित्राचे वाचन

रक्तगणना अहवालाच्या छायाचित्राचे वाचन म्हणजे संपूर्ण रक्तगणना या तपासणीच्या छापील अहवालाचे छायाचित्र पाहून त्यातील आकडे अचूक उतरवणे, त्यांचा अर्थ सांगणे आणि संदर्भ मर्यादेबाहेरचे आकडे दाखवून देणे होय. रोगनिदान हा या वाचनाचा भाग नाही. अहवालात रक्ताच्या एका नमुन्याची मोजमापे असतात. निदानासाठी त्यांच्या जोडीला रुग्णाची लक्षणे, पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी आणि बहुधा पुढील चाचण्याही लागतात. छायाचित्रात यांपैकी काहीच नसते.

संपूर्ण रक्तगणना ही सीबीसी या आद्याक्षरांनी अधिक ओळखली जाते. तिच्यासाठी शिरेतून घेतलेले दोन ते तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत ठेवतात. या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए हे रसायन असते. स्वयंचलित यंत्र या नमुन्यातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू (प्लेटलेट) मोजते व हिमोग्लोबिनचे प्रमाण ठरवते.

## संदर्भ मर्यादेचा अर्थ

अहवालात प्रत्येक आकड्यासमोर संदर्भ मर्यादा छापलेली असते. तिला बोलीत ‘नॉर्मल रेंज’ म्हणतात, पण हा शब्द काहीसा फसवा आहे. संदर्भ मर्यादा ठरवताना निरोगी व्यक्तींचा एक गट घेतात; प्रत्येक गटात किमान १२० व्यक्ती असाव्यात, अशी शिफारस आहे. त्यांच्या मोजमापांपैकी सर्वांत कमी २.५ टक्के आणि सर्वांत जास्त २.५ टक्के वगळून मधली ९५ टक्के मोजमापे ज्या दोन आकड्यांमध्ये बसतात, ते दोन आकडे म्हणजे संदर्भ मर्यादा. याचाच अर्थ असा की, दर वीस निरोगी व्यक्तींपैकी सुमारे एकीचा आकडा मर्यादेबाहेर जाणे व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. एखाद्या निरोगी व्यक्तीच्या परस्परांवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी मर्यादेबाहेर असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पुष्कळ पानी अहवालात एक-दोन ठळक अक्षरे जवळजवळ नेहमीच का आढळतात, याचे हे साधे कारण आहे.

मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे बहुतेक प्रयोगशाळा ‘एच’ (जास्त) किंवा ‘एल’ (कमी) हे अक्षर छापतात. काही ठिकाणी आकडा ठळक करतात किंवा त्यापुढे तारा काढतात. ही खूण संगणक केवळ तुलना करून लावतो. हिमोग्लोबिनची खालची मर्यादा १२.० असेल, तर ११.९ आणि ६.१ या दोन्ही आकड्यांपुढे तेच ‘एल’ येते. त्यामुळे नुसती खूण सांगणे पुरेसे नसते. आकडा मर्यादेपासून किती दूर आहे, हेही सांगावे लागते.

मर्यादा वय, लिंग आणि गर्भावस्था यांनुसार बदलतात, तसेच यंत्र व पद्धत यांनुसार प्रयोगशाळागणिकही थोड्या वेगळ्या असतात. म्हणून तुलना नेहमी त्याच अहवालावर छापलेल्या मर्यादेशी करतात, पुस्तकातील किंवा दुसऱ्या अहवालातील मर्यादेशी नव्हे. एक अपवाद मात्र लक्षात घ्यावा लागतो. काही लहान प्रयोगशाळांच्या अहवालात सर्वांसाठी प्रौढांचीच मर्यादा छापलेली असते. दोन वर्षांच्या बालकात पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक लिंफोसाइट असणे स्वाभाविक आहे, तरीही प्रौढांच्या मर्यादेमुळे त्यापुढे ‘एच’ उमटते.

## छायाचित्रामुळे होणाऱ्या चुका

मूळ कागद हाती असताना न होणाऱ्या काही चुका छायाचित्रामुळे होतात. सर्वांत घातक चूक दशांशचिन्हाची असते. कागदाच्या घडीवर किंवा प्रकाशाच्या तिरिपेखाली आलेला ठिपका दिसेनासा होतो आणि १०.४ चे १०४ होते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत ही चूक लगेच लक्षात येते, असे वाटते; परंतु ब्रिटनसह काही देशांत हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटर या एककात देतात आणि तेथे १०४ हा आकडा अगदी शक्य असतो. परदेशातील नातेवाइकाने गावी पाठवलेल्या किंवा गावाहून परदेशी गेलेल्या छायाचित्रात हा गोंधळ विशेष संभवतो. आकड्यासोबत एकक वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

बिंबाणूंच्या बाबतीत एककाचा घोळ भारतातच होतो. एक प्रयोगशाळा ‘४.३६ लाख प्रति मायक्रोलिटर’ लिहिते, दुसरी तेच प्रमाण ‘४३६ हजार प्रति मायक्रोलिटर’ असे देते, तिसरी ‘४,३६,०००’ असे पूर्ण लिहिते. तिन्ही एकच आहेत. परंतु हजारांच्या स्तंभातील ४३६ हा आकडा एकक न पाहता वाचला, तर केवळ ४३६ बिंबाणू उरल्याचा भास होतो. डेंग्यूच्या साथीत घराघरांत बिंबाणूंचेच आकडे बोलले जातात, तेव्हा अशा वाचनातून विनाकारण धावपळ होते. उलट चूक अधिक धोक्याची असते: ‘१८ हजार’ हा आकडा ‘१.८ लाख’ असा वाचला गेला, तर तातडीची बाब दुर्लक्षित राहते.

तिसरी चूक ओळ घसरण्याची. छायाचित्र तिरपे काढलेले असले की, डावीकडच्या नावापासून उजवीकडच्या मर्यादेपर्यंत जाताना नजर वरच्या किंवा खालच्या ओळीत शिरते आणि एका चाचणीचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी जोडला जातो. ही चूक ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. वाचकाने स्वतः केलेली तुलना आणि छापील ‘एच’ वा ‘एल’ जुळते का, हे प्रत्येक ओळीत पाहायचे. जुळत नसेल तर बहुधा ओळ घसरलेली असते. उजवी कडा कापली गेल्याने मर्यादांचा स्तंभच नसेल, तर तुलना न करता पूर्ण छायाचित्र मागवणे योग्य ठरते.

आकडे वाचण्याआधी अहवालावरील नाव, वय, लिंग आणि नमुना घेतल्याची तारीख पाहणे आवश्यक असते. एकाच कुटुंबातील दोघांचे अहवाल एकाच दिवशी आलेले असतात, किंवा मागच्या वर्षीचे छायाचित्र चुकून पुढे पाठवले जाते. छायाचित्र इतरांना पाठवताना नाव, दूरध्वनी क्रमांक आणि क्यूआर संकेत झाकलेला बरा. काही प्रयोगशाळांच्या क्यूआर संकेतातून संपूर्ण अहवाल उघडतो.

## अहवालातील आकड्यांची परस्पर पडताळणी

रक्तगणनेच्या अहवालाचा एक गुण असा की, त्यातील काही आकडे एकमेकांपासून गणिताने निघतात. त्यामुळे अस्पष्ट छायाचित्रातील शंकास्पद अंक बऱ्याचदा उरलेल्या अंकांवरून ताडून पाहता येतो.

तांबड्या पेशींशी संबंधित तीन मूळ आकडे असतात: हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींची संख्या आणि हिमॅटोक्रिट. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताच्या एकूण घनफळात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्केवारीतील वाटा. काही अहवालांत त्याला पीसीव्ही म्हणतात. यांवरून पुढील तीन आकडे मिळतात. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, एमसीएच म्हणजे एका पेशीतील हिमोग्लोबिनचे सरासरी वजन, आणि एमसीएचसी म्हणजे पेशींच्या घनफळातील हिमोग्लोबिनची सरासरी संहती.

एमसीव्ही = हिमॅटोक्रिट × १० ÷ तांबड्या पेशी (दशलक्षांत)

एमसीएच = हिमोग्लोबिन × १० ÷ तांबड्या पेशी (दशलक्षांत)

एमसीएचसी = हिमोग्लोबिन × १०० ÷ हिमॅटोक्रिट

यंत्रे यांपैकी काही राशी थेट मोजतात आणि काही गणिताने काढतात. कोणती राशी कशी मिळते हे यंत्रागणिक बदलते, परंतु नाते तेच राहते. पांढऱ्या पेशींसाठी पडताळणी याहून सोपी आहे. न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल या पाच प्रकारांच्या टक्केवारीची बेरीज १०० यायला हवी.

## एक उदाहरण

पुढील अहवाल काल्पनिक आहे. मर्यादा मात्र भारतातील अनेक प्रयोगशाळा प्रौढ स्त्रियांसाठी छापतात तशा आहेत. व्यक्ती ३४ वर्षांची स्त्री असून गर्भवती नाही.

| चाचणी | आकडा | संदर्भ मर्यादा | खूण |
|---|---|---|---|
| हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलिटर) | १०.४ | १२.० ते १५.० | एल |
| तांबड्या पेशी (दशलक्ष प्रति मायक्रोलिटर) | ४.६२ | ३.८ ते ४.८ | – |
| हिमॅटोक्रिट (टक्के) | ३३.६ | ३६ ते ४६ | एल |
| एमसीव्ही (फेम्टोलिटर) | ७२.७ | ८३ ते १०१ | एल |
| एमसीएच (पिकोग्रॅम) | २२.५ | २७ ते ३२ | एल |
| एमसीएचसी (ग्रॅम प्रति डेसिलिटर) | ३१.० | ३१.५ ते ३४.५ | एल |
| आरडीडब्ल्यू (टक्के) | १७.२ | ११.६ ते १४.० | एच |
| पांढऱ्या पेशी (प्रति मायक्रोलिटर) | ७,८०० | ४,००० ते १०,००० | – |
| बिंबाणू (लाख प्रति मायक्रोलिटर) | ४.३६ | १.५ ते ४.१ | एच |

समजा, छायाचित्रात तांबड्या पेशींचा आकडा पुसट आहे आणि तो ४.६२ आहे की ४.८२, हे कळत नाही. या एका अंकावर बरेच अवलंबून आहे, कारण ४.८२ मर्यादेच्या वर जातो आणि ४.६२ आत राहतो. हिमॅटोक्रिट ३३.६ ला दहाने गुणून ४.८२ ने भागले, तर एमसीव्ही ६९.७ येते, छापील आकडा ७२.७ आहे. ४.६२ ने भागल्यास नेमके ७२.७ येते. एमसीएचवरूनही हाच निष्कर्ष निघतो: ४.८२ घेतल्यास २१.६ आणि ४.६२ घेतल्यास छापलेले २२.५ मिळते. त्यामुळे पुसट अंक ६ आहे, हे खात्रीने सांगता येते. शिवाय त्या ओळीत ‘एच’ छापलेले नाही, हेही त्याच्याशी जुळते.

या अहवालात सात खुणा आहेत. प्रथमदर्शनी सात बिघाड असल्यासारखे वाटते, पण तसे नाही. वर सांगितल्याप्रमाणे तांबड्या पेशींचे आकडे एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे एक बदल झाला की अनेक ओळींत खूण उमटते. पहिल्या सहा खुणा मिळून सांगतात ते एवढेच: तांबड्या पेशींची संख्या नेहमीच्या मर्यादेत आहे, पण त्या सरासरीने लहान आहेत, प्रत्येकीत हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणून रक्तातील एकूण हिमोग्लोबिनही कमी भरले आहे, आणि आरडीडब्ल्यू जास्त असल्याने पेशींच्या आकारांत नेहमीपेक्षा अधिक फरक आहे. यांतही सर्व खुणांचे वजन सारखे नाही. एमसीएचसी मर्यादेपासून अर्ध्या एककाने खाली आहे, तर एमसीव्ही दहाहून अधिक फेम्टोलिटरने. बिंबाणूंची खूणही किरकोळ अंतराची आहे.

अशा अहवालाचे वाचन लिहायचे झाल्यास ते असे होईल: ‘हिमोग्लोबिन १०.४ असून छापील मर्यादेच्या १.६ ग्रॅमने खाली आहे. तांबड्या पेशींचा सरासरी आकार मर्यादेपेक्षा बराच लहान आहे. बिंबाणू मर्यादेच्या किंचित वर आहेत. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या मर्यादेत आहे. हे आकडे डॉक्टरांना दाखवून कारणाचा शोध घ्यावा.’

## वर्णन आणि निदान यांतील सीमारेषा

वरील अहवाल पाहून ‘लोह कमी आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो, कारण लोहाची कमतरता हे लहान तांबड्या पेशींचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. तथापि अहवालात लोह कोठेही मोजलेले नाही. लहान पेशी आणि कमी हिमोग्लोबिन हे चित्र थॅलेसेमियाच्या वाहकांतही दिसते, तसेच दीर्घकालीन दाह वा संसर्गातही दिसू शकते. आरडीडब्ल्यू आणि तांबड्या पेशींची संख्या यांवरून कल कोणत्या बाजूला आहे याचा अंदाज करतात, पण दोन्ही स्थिती एकाच व्यक्तीत एकत्रही असू शकतात, आणि मग अंदाज फसतो. उलगडा करण्यासाठी साठवणीतील लोह दाखवणारी फेरिटिन ही चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी लागते. फेरिटिनचाही आकडा अंगात दाह असताना वाढतो, म्हणून तोही एकटा वाचून चालत नाही.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तीला लोहाची कमतरता नसेल, तर लोहाच्या गोळ्यांनी तिच्या पेशी मोठ्या होत नाहीत. ‘हिमोग्लोबिन वाढतच नाही’ म्हणून त्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. वाहकत्व मात्र नोंदलेच जात नाही, आणि पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते, पण वाहकत्व त्यांच्यापुरते मर्यादित नाही. उलट बाजूला, लोहाची कमतरता खरोखर असली तरी ती कशामुळे झाली हा प्रश्न उरतोच: आहार, मासिक पाळीतील अतिस्राव की पोटातील एखाद्या व्रणातून होणारा अदृश्य रक्तस्राव. छायाचित्रावरून दिलेले घाईचे नाव पुढील शोध थांबवते, हा त्याचा मुख्य तोटा आहे.

अहवालाच्या तळाशी पेशींच्या रूपाविषयी एक शेरा असतो. त्यात ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ असे भारदस्त शब्द आले की ते आजाराचे नाव समजले जाते. वस्तुतः त्याचा अर्थ ‘लहान आणि फिकट पेशी’ एवढाच असून ते सूक्ष्मदर्शकाखालच्या दृश्याचे वर्णन आहे. ‘अ‍ॅनिमिया’ हा शब्दही हिमोग्लोबिन ठरावीक पातळीखाली असल्याचे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी ही पातळी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर ठेवली आहे. त्याचे कारण त्या शब्दात नसते.

## खूण फसवते तेव्हा

पांढऱ्या पेशींच्या टक्केवारीपुढील खूण एकटी वाचल्यास दिशाभूल होते. लिंफोसाइट ४८ टक्के असून त्यापुढे ‘एच’ आहे, पण एकूण पांढऱ्या पेशी ४,२०० आहेत असे मानू. ४,२०० चे ४८ टक्के म्हणजे सुमारे २,०१६ लिंफोसाइट. प्रौढांसाठीच्या १,००० ते ३,००० या मर्यादेत ही संख्या आरामात बसते. येथे वाटा वाढला आहे, संख्या नव्हे. निरपेक्ष संख्या अहवालात दिलेली असेल तर खूण तिच्यावरून सांगावी, नसेल तर असा गुणाकार करून घ्यावा.

बिंबाणूंच्या कमी आकड्यामागे कधी कधी नळीतील ईडीटीए कारणीभूत असते. काही व्यक्तींच्या रक्तात या रसायनामुळे बिंबाणू एकमेकांना चिकटून गोळे बनतात. यंत्र त्या गोळ्यांना बिंबाणू म्हणून मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे दिसतात, म्हणून शेऱ्यात ‘क्लम्प’ हा शब्द आहे का ते पाहावे लागते. असल्यास सायट्रेट असलेल्या नळीत नव्याने रक्त घेऊन मोजणी करतात. असा शेरा नसताना मात्र कमी आकडा खोटा असेल, असे छायाचित्रावरून गृहीत धरता येत नाही.

खूण नसणे हीदेखील पूर्ण माहिती नव्हे. एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन मागच्या वर्षी १४.२ आणि आता १२.१ असेल, तर दोन्ही अहवालांत खूण नाही, तरी घट दोन ग्रॅमहून अधिक आहे. दिवसादिवसांतील आणि यंत्रायंत्रांतील फरक दशांशांत असतो. एवढा फरक त्याने सहसा भरून निघत नाही. जुना अहवाल उपलब्ध असेल तर हा बदल खुणेशिवायही दाखवून द्यावा लागतो.

काही आकड्यांच्या बाबतीत मर्यादेपासूनचे अंतर इतके मोठे असते की, प्रयोगशाळा अहवाल छापण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दूरध्वनी करते. यांना क्रांतिक मूल्ये म्हणतात. त्यांची यादी प्रत्येक प्रयोगशाळा स्वतः ठरवते. सातच्या खाली गेलेले हिमोग्लोबिन किंवा वीस हजारांखालील बिंबाणू अशा याद्यांत सामान्यतः येतात. छायाचित्रात असा आकडा दिसल्यास कारणांची चर्चा न करता, आकडा व एकक पुन्हा तपासून, त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधण्यास सांगतात. रक्तस्राव, धाप, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल, तर आकडा कोणताही असला तरी थेट रुग्णालय गाठावे लागते.